नाकातले स्वर आणि जिभेची आगाऊ सवय

मराठी माणूस फ्रेंच शिकायला लागला की ‘बोँ’ या साध्या शब्दापाशी अडतो. अर्थ ‘चांगला’. तो म्हणतो ‘बोङ्’, नाहीतर ‘बॉन’. ‘बॉन’ तर वेगळाच शब्द आहे, चांगलीसाठीचा. म्हणजे पुल्लिंगाच्या जागी थेट स्त्रीलिंग होऊन बसते.

दोष नाकाचा नाही, जिभेचा आहे. मराठीत अनुस्वार लिहिला तरी बोलताना बहुतेक वेळा तिथे एक व्यंजन येतं. ‘आंबा’मध्ये म्, ‘अंत’मध्ये न्, ‘रंग’मध्ये ङ्. प्रत्येक वेळी ओठ मिटतात किंवा जीभ कुठेतरी टेकून तोंडाची वाट बंद करते आणि सगळी हवा नाकातून जाते. फ्रेंचच्या अनुनासिक स्वरात तोंड उघडंच राहतं. पडजिभेकडचा मऊ टाळू खाली येतो आणि हवा दोन्ही वाटांनी एकदम निघते. जीभ कुठेही टेकत नाही.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. हिंदीतलं ‘हाँ’ आपण नीट म्हणतो. कोकणीत ‘ते’ म्हणजे ते पुरुष आणि ‘तें’ म्हणजे ते नपुंसकलिंगी, हा फरक नाकावर बराच अवलंबून असतो. त्यामुळे गोव्याकडच्या विद्यार्थ्याला इथे थोडी आघाडी मिळते. प्रमाण मराठीत ‘केलें’, ‘घरीं’ यांवरचे अनुस्वार उच्चारातून आधीच गेले होते. 1962च्या लेखननियमांनी ते कागदावरूनही उतरवले.

सुरुवात ‘रंग’पासून करा. ‘रङ्’वर थांबून ङ् लांबवा. जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटलेला जाणवेल. आता नाकातला गुंजारव चालू ठेवून फक्त तो भाग हळूच खाली सोडा. जो आवाज येईल तो ‘आँ’च्या जवळचा असेल. गुंजारव तुटला तर टाळू जिभेबरोबरच हलला. पुन्हा ङ्पासून सुरू करा. नंतर एका श्वासात आ–आँ–आ–आँ म्हणा. जबडा आणि ओठ स्थिर ठेवा. ते हलले तर तुम्ही नाकाऐवजी स्वरच बदलताय.

आपलं बरोबर आहे की नाही, हे नाकच सांगतं. आवाज लांबवताना दोन बोटांनी नाक दाबा. अनुनासिक स्वर असेल तर आवाज बदलेल, बोटांखाली थरथर जाणवेल, पण तोंडातून तो चालूच राहील. आवाज घुसमटून बंदच पडला, तर तुम्ही न्, म् किंवा ङ् म्हणत होता. काहीच बदललं नाही, तर स्वर साधा होता. उच्चार तपासायला यापेक्षा स्वस्त यंत्र मिळणार नाही.

आता फ्रेंचमधला खाऊ, ‘बोँबोँ’. आपण हमखास ‘बोम्बोन’ म्हणतो, कारण पुढचा ब दिसताच ओठ आधीच मिटायला धावतात. उपाय असा की पहिला ‘बोँ’ नको इतका लांबवायचा, आरशात ओठ गोल पण उघडे दिसायला हवेत, आणि मग ब एका झटक्यात म्हणायचा. शेवटच्या ‘बोँ’नंतर जीभ दातांमागे जाऊ देऊ नका. लांबी कमी करत नेताना म् परत आला, की वेग फार लवकर वाढवला.

नाक जमलं की तोंडाचा आकार. ‘व्हॅँ’ म्हणजे वाइन, ‘व्हाँ’ म्हणजे वारा, ‘व्होँ’ म्हणजे ‘ते जातात’. पहिल्यात ओठ पसरट, ‘बॅट’मधल्या ॲसारखे. दुसऱ्यात जबडा खाली आणि जीभ मागे. स्वर ‘ऑ’कडे थोडा झुकतो. तिसऱ्यात ओठ ‘ओ’पेक्षाही आवळून. शेवटच्या दोघांतच, म्हणजे वारा आणि ‘जातात’ यांतच, मराठी कान सर्वांत जास्त फसतो. म्हणून आधी ऐका, मग बोला. फ्रेंच जाणणाऱ्या कुणाला तिन्ही शब्द उलटसुलट क्रमाने म्हणायला सांगा आणि तुम्ही कागदावर 1, 2, 3 लिहा. चुका कुठल्या जोडीत गोळा होतात ते पाहा आणि तेवढीच जोडी घ्या. तोंडाला शिक्षा देण्याआधी कानाची परीक्षा झालेली बरी.

‘अँ बोँ व्हॅँ ब्लाँ’, म्हणजे एक चांगली पांढरी वाइन, या वाक्प्रयोगात पारंपरिक फ्रेंचचे चारही अनुनासिक स्वर येतात. मात्र पॅरिसकडे पहिला ‘अँ’ आता बहुतेकांच्या तोंडी ‘व्हॅँ’मधल्या स्वरासारखाच येतो. त्यामुळे नवशिक्याने तीनच स्वरांवर जोर दिला तरी चालतं.

जीभ आणि ओठ यांना वेगळी कामं देण्याची ही सवय दुसऱ्या एका अवघड फ्रेंच स्वरालाही लागते. ‘तू’ या अर्थाच्या शब्दात जीभ ‘ई’च्या जागी असते आणि ओठ ‘ऊ’चे. ‘ई’ लांबवा आणि जीभ न हलवता ओठ हळूहळू गोल करा. आवाज सरळ ‘ऊ’ झाला, तर जीभ मागे सरकली आहे. तिचं टोक खालच्या दातांना टेकवून ठेवलं, तर ती सहसा जागची हलत नाही.