फरक २७ चा, मग संख्या कोणती?

दोन अंकी एका संख्येतील अंकांची अदलाबदल केली, तर तिच्यात २७ चा फरक पडतो. ती संख्या कोणती? शाळेच्या बीजगणितात हमखास येणारं हे गणित. पण एवढ्या माहितीवर संख्या ठरते का?

७४ घेऊ. दहाच्या सात नोटा आणि रुपयाची चार नाणी. अदलाबदल म्हणजे प्रत्येक नोटेचं नाणं आणि प्रत्येक नाण्याची नोट. एक नोट नाणं झाली की नऊ रुपये जातात, म्हणजे सातांमागे ६३ गेले. चार नाण्यांच्या नोटा झाल्या, तर ३६ आले. एकूण २७ कमी होऊन उरले ४७.

हेच समीकरणात मांडू. दशकस्थानचा अंक x आणि एककस्थानचा y असेल, तर मूळ संख्या 10x + y आणि उलटी संख्या 10y + x. बरीच मुलं इथे नुसतं xy लिहितात आणि फसतात, कारण बीजगणितात तो गुणाकार होतो. संख्या कमी होते असं धरून वजाबाकी केली, की

9x − 9y = 27, म्हणून x − y = 3

२७ मधून एवढंच कळतं, की अंकांत ३ चा फरक आहे. मग ४१, ५२, ६३, ७४, ८५ आणि ९६ ही सगळीच उत्तरं बरोबर. ०३ ला ३ मानलं, तर ३० सुद्धा त्यांच्यात बसते. अदलाबदलीने संख्या वाढते असं म्हटलं असेल, तर १४, २५, ३६ अशी उलटी यादी येते.

म्हणून गणितात दुसरी अट लागते. अंकांची बेरीज ११ दिली, तर x + y = 11 आणि x − y = 3. दोन्हींची बेरीज केली की 2x = 14, म्हणजे x सात आणि y चार. बेरीज १० दिली असती, तर x साडेसहा आला असता, आणि असा अंक नसतो. दोन अंकांची बेरीज आणि वजाबाकी एक तर दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. फरक ३ असताना बेरीज सम दिली असेल, तर गणितच चुकलेलं आहे.

जमाखर्च लिहिणाऱ्यांनाही हा नियम उपयोगी पडतो. ताळेबंदात २७ रुपयांची तफावत आली आणि तिला नऊने पूर्ण भाग गेला, की आधी अंकांच्या अदलाबदलीचा संशय घ्यावा. ३ चा फरक असलेले शेजारचे अंक शेवटच्या दोन घरांत उलटे पडलेत का, ते पाहावं. ते न सापडल्यास ३० च्या जागी ३ लिहिलेत का, हेही तपासावं, कारण तेव्हाही तफावत २७ च येते. अर्थात नऊने भाग जाणं हा संशय आहे, पुरावा नव्हे. २७ रुपयांची एखादी पावतीच नोंदवायची राहिली असेल, तरी तफावत हीच दिसेल.