आठ तास दहा मिनिटं

वर्गशिक्षिकेला पहिलं पत्र मी रात्री अकराला लिहिलं आणि सकाळी फाडून टाकलं. त्यात ‘अती होतंय’, ‘बालपण करपतंय’ असं बरंच होतं; पण मुलगी गृहपाठाला नेमका किती वेळ बसते, हे कुठेच नव्हतं. कारण ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. तिसरीतली पोर झोपेपर्यंत पावणेअकरा वाजतात, एवढंच दिसत होतं.

मग आठवडाभर एका जुन्या वहीत नोंद ठेवली. विषय कोणता, सुरू कधी केला, संपला कधी, अडली कुठे. जेवण, हरवलेला खोडरबर आणि कुरकुर यांचा वेळ वजा केला. तो धरला असता तर आकडा फुगला असता आणि बाईंनी एकाच प्रश्नात त्यातली हवा काढली असती. सोमवार ते शुक्रवार बेरीज आली ४९० मिनिटं. आठ तास दहा मिनिटं.

बेरजेपेक्षा फोड जास्त बोलकी निघाली. २३० मिनिटं कच्च्या वहीतली प्रश्नोत्तरं पक्क्या वहीत उतरवण्यात गेली होती. गणिताला ११०, प्रकल्पाला ९०, पाढ्यांना ६०. म्हणजे जवळपास निम्मा वेळ पोर नुसती उतरवत होती. गणितात ती अडत नव्हती. अडत असती तर पत्रही वेगळं लिहावं लागलं असतं. एकाच उदाहरणापाशी मूल अर्धा तास बसून राहतं तेव्हा गृहपाठ कमी करून भागत नाही.

केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलंय. आठवड्याला, दिवसाला नाही. हे वाचल्यावर पत्राची सुरुवात त्यानंच करायचा मोह झाला. केली नाही. नियम आधी दाखवला की समोरचा माणूस उत्तर न देता बचाव करतो. शिवाय तो कायदा नव्हे, धोरण आहे. शेवटी पत्र असं झालं:

‘मा. वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी यांस,
स. न. वि. वि.
विषय : गृहपाठाला लागणाऱ्या वेळेबाबत.
माझी मुलगी आपल्या वर्गात आनंदानं येते. घरी आल्यावर वर्गातल्या गोष्टी सांगते. एका अडचणीबाबत आपलं मार्गदर्शन हवं आहे. गेल्या आठवड्यात तिला गृहपाठाला रोज सरासरी ९८ मिनिटं लागली. दिवसवार नोंद सोबत जोडली आहे. गुरुवारी तीन विषयांचं लेखन एकत्र आल्यानं १२५ मिनिटं लागली. ती पावणेअकराला झोपते आणि साडेसहाला उठते. झोप पावणेआठ तासच होते. या वयात किमान नऊ तास झोप हवी असं वैद्यकीय मत आहे. ती लिहिण्यात सावकाश आहे का, आमची बसवण्याची पद्धत चुकते का, हे आपण सांगू शकाल. पक्क्या वहीतलं लेखन थोडं कमी करता येईल का? आणि एक तास झाल्यावर उरलेला गृहपाठ मी वहीत तशी नोंद करून थांबवला तर चालेल का? आपल्या सोयीनं दहा मिनिटं भेटता आलं तर बरं होईल.
आपली नम्र.’

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘गृहपाठ कमी करा’ याला उत्तर द्यायला बाईंना मुख्याध्यापकांकडे जावं लागतं. ‘एका तासानं थांबवू का’ याला त्या स्वतःच हो म्हणू शकतात.

पत्र वहीत घालून वर्गशिक्षिकेलाच पाठवलं, मुख्याध्यापकांना नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. तिथे एकानं तक्रार केली की दुसरा म्हणतो, ‘आमच्याकडे उलट कमीच देतात,’ आणि संध्याकाळपर्यंत बाईंकडे स्क्रीनशॉट पोचतो. गृहपाठ वाढवा म्हणणारे पालकही असतात, हे बाईंकडूनच कळलं. दर पालकसभेला दोघे-तिघे तरी.

भेटीत बाईंनी नोंदीची वही उलटसुलट पाहिली. मराठी, परिसर अभ्यास आणि इंग्रजी शिकवणाऱ्या तिघीजणी वेगवेगळ्या. गुरुवारी कुणी काय दिलं, हे एकमेकींना माहीत नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येकीच्या हिशेबात गृहपाठ वीस-पंचवीस मिनिटांचाच होता. आता फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा सगळा गृहपाठ एकत्र लिहिला जातो आणि नंतर येणाऱ्या बाई आधीचं पाहून आपला देतात. पक्क्या वहीत पाचाऐवजी दोनच उत्तरं उतरवायची. प्रकल्प मात्र तसेच आहेत. ते वरून ठरतात, असं बाई म्हणाल्या.

महिन्यानं पुन्हा पाच दिवस वेळ लिहिला. २८५ मिनिटं. धोरणातल्या दोन तासांपेक्षा अजून दुपटीहून जास्त. पण त्या आठवड्यात चार रात्री पोर साडेनऊला झोपली. पाचव्या रात्री थर्माकोलची विहीर रंगवायची होती.