क्राउन रेस काढताना नळी कशी वाचवायची

मागच्या भागात आपण हेडसेटमधले छर्रे धुऊन, ग्रीस भरून परत बसवले. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : सगळं साफ केलं, नवं ग्रीस घातलं, तरी हँडल मधोमध अडकतंच, आता काय? याचं उत्तर आमच्या सोसायटीच्या फाटकावर सापडलं, म्हणून आजचा भाग त्या सायकलवर.

आमच्या नोएडातल्या सोसायटीचा चौकीदार रोज सायकलनं येतो. काळी, रॉड ब्रेकची, जुनी अ‍ॅटलास. एक दिवस म्हणाला, "साब, हँडल बीच में अटकता है." मी पुढचं चाक जमिनीवरून उचललं आणि हँडल एका बोटानं हळूहळू फिरवलं. डावीकडून येताना सरळ रेषेवर खट्ट, उजवीकडून येताना परत तिथेच खट्ट. हँडलला स्वतःचं एक घर झालं होतं. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे छर्रे वर्षानुवर्षं त्याच जागी बसून राहतात. प्रत्येक खड्ड्याला ते तिथल्या तिथे घासतात, मधलं ग्रीस बाजूला सरकतं आणि रेसमध्ये बारीक खळग्यांची ओळ पडते. त्या खळग्यांवर ग्रीसचा इलाज चालत नाही. रेस बदलावीच लागते.

आता ही रेस कोणती ते समजून घेऊ. फोर्कच्या दोन पायांच्या वर जो जोड असतो तो क्राउन. क्राउनमधून वर जाणारी नळी म्हणजे स्टीअरर. ती फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येते आणि हँडलला धरते. या स्टीअररच्या अगदी बुडाशी, क्राउनवर, एक पोलादी कडं ठोकून बसवलेलं असतं. तीच क्राउन रेस. दुकानात नुसतं 'कोन' म्हटलं तरी चालतं. ती आट्यांनी बसत नाही, नुसत्या घट्टपणावर बसते. कड्याचं आतलं माप बैठकीच्या बाहेरच्या मापापेक्षा साधारण ०.१ मिमी कमी ठेवलेलं असतं. एवढ्याशा फरकानंच ती धरून राहते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खड्ड्यात चाक आदळलं की फोर्क मागे वाकू पाहतो, आणि त्या वाकण्याचा सर्वांत जास्त ताण नेमका क्राउनच्या वर, या रेसच्या जागी येतो. स्टीअरर तुटला तर बहुधा इथेच तुटतो, आणि तुटतो तेव्हा हँडल हातात राहतं, चाक मोकळं होतं. म्हणजे आपण छिन्नी-हातोडी घेऊन ज्या जागी उभे आहोत, ती साऱ्या सायकलमधली सर्वांत नाजूक जागा आहे. रेस भंगारात गेली तरी हरकत नाही. तिच्या मागची नळी मात्र जशी होती तशीच राहिली पाहिजे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. ईएमईमध्ये नवा असताना युनिटच्या वर्कशॉपमधली एक सायकल मीच हौसेनं उघडली होती. रेस हलेना, म्हणून तिच्याखाली मोठा स्क्रू ड्रायव्हर घुसवला आणि नळीचाच टेकू घेऊन उचकटली. रेस निघाली, पण नळीला आडवा चर पडला. आमच्या हवालदार मेजरसाहेबांनी तो चर नखानं चाचपला, काही न बोलता फोर्क भंगाराच्या पेटीत टाकला आणि मला स्टोअरमधून नव्या फोर्कची मागणी लिहायला बसवलं. तो फोर्क सरकारचा होता. चौकीदाराचा फोर्क त्याचा स्वतःचा, आणि अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना तर जून २०२० मध्येच बंद झाला. बाजारात फोर्क मिळतात, पण नळीची लांबी आणि आटे जुळवत बसावं लागतं आणि तेवढे दिवस हा माणूस ड्यूटीवर पायी येणार.

तर काम असं केलं. चाक, ब्रेकचे रॉड आणि मडगार्ड काढलं. हँडलचा मधला बोल्ट चार फेरे सैल करून त्यावर लाकूड ठेवून टोला दिला, खालची पाचर सुटली, हँडल वर आलं. वरचा लॉकनट आणि आट्यांची वाटी काढली, फोर्क खाली ओढून घेतला. छर्रे मोजून डबीत ठेवले.

मग चिंधी आणि रॉकेल घेऊन रेसच्या खालची बाजू साफ केली. दिल्लीची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल चाकावरून उडून नेमका इथे बसतो आणि गंजून सिमेंट होतो. साफ केल्यावरच दिसतं की रेसची कड क्राउनच्या बाहेर कुठे डोकावते. बहुतेक जुन्या फोर्कना ती पुढे आणि मागे डोकावते, कारण क्राउन त्या दिशेला अरुंद असतो. तीच आपली पकड. त्या सांध्यावर गंज सोडवणारं तेल टाकलं आणि फोर्क रात्रभर तसाच ठेवला. घाईच्या माणसाला ही रात्र फुकट गेली असं वाटतं. माझ्या मते अर्धं काम तीच करते.

दुसऱ्या दिवशी लॉकनट परत स्टीअररच्या टोकावर चढवला, असा की त्याचा माथा नळीच्या टोकापेक्षा केसभर पुढे राहील. मग फोर्क उलटा केला, पाय वर आणि नळी खाली, आणि तो नट मऊ लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवला. आता खालून बसणारा धक्का नटाला बसेल, आट्यांना नाही. पुष्कळ जण नळीचं टोक सरळ फरशीवर टेकवतात. टोक फुलतं, पहिले दोन आटे मोडतात आणि नट पुन्हा चढतच नाही. नळी व्हाइसमध्ये आवळणं त्याहून वाईट, ती चपटी होते. चौकीदारानं दोन्ही पाय हातांनी धरले, तेवढा आधार पुरला.

मी सपाट तोंडाचा पितळी पंच घेतला आणि हलकी, पाव किलोची हातोडी. पंच रेसच्या डोकावणाऱ्या कडेवर, नळीला समांतर आणि नळीपासून दूर. पुढे एक टोला, मागे एक टोला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. जोर कमी, फेऱ्या जास्त. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर रेस तिरकी होते, तिची आतली कड बैठकीत रुतते आणि मग ती जितकी ठोकाल तितकी घट्ट बसते. तिरकी झालीच तर पुढे गेलेली बाजू सोडा आणि मागे राहिलेल्या बाजूला ठोका. हातोडीचा आवाज ऐकत राहा. रेस बसलेली असते तोवर टोला भरीव वाजतो. ती सुटू लागली की आवाज बदलतो आणि क्राउनपाशी काळी रेघ उघडते.

आणखी एक. रेस कडक केलेल्या पोलादाची असते. तिच्यावर हातोडी थेट मारू नका, टवका उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, साठीतल्या माझ्यासारख्यांनी वाचायचा चष्मा म्हणजे संरक्षण असं समजू नये.

रेसला फार लांब जायचं नसतं. घट्ट बैठक उंचीला काही मिलीमीटरच असते. त्यापलीकडे नळी बारीक होते, एक इंची स्टीअरर २५.४ मिमीचा. आमची रेस बाराव्या-चौदाव्या टोल्याला सुटली आणि टण्णकन नटावर पडली.

काही फोर्कवर कड कुठेच डोकावत नाही. तिथे जाड पाठीच्या सुरीचं पातं क्राउनवर आडवं ठेवून, सांध्यात हलक्या हातानं ठोकत सगळीकडून फिरवायचं. नख जाईल एवढी फट झाली की समोरासमोरून दोन पातळ पाचरी. पातं नळीला लागण्याआधी थांबायचं, म्हणून आधीच पात्यावर रंगाची खूण करा. यासाठी स्क्रूचा पुलरही मिळतो, त्याची पाती रेसखाली शिरतात आणि मधला स्क्रू नळीच्या टोकावर दाब देऊन रेस वर ओढतो. महिन्यातून चार फोर्क उघडत असाल तर घ्या. ग्राइंडरनं रेस कापण्याचा मार्ग मी तरी शेवटचा मानतो. कापलीच तर चीर आरपार नेऊ नका, थोडी जाडी राखून ती छिन्नीच्या टोल्यानं तडकवा. गॅसची ज्योत तर नकोच. आणि नव्या सायकलींचा कार्बनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा स्टीअरर असेल तर यातली हातोडी विसरा. त्यांच्या पुष्कळ रेसना मुळातच एक चीर असते, ती थोडी फाकवली की रेस हातानं निघते.

रेस निघाली म्हणजे काम संपलं असं नाही. बैठक पुसून तिच्यावरून नख फिरवा. नळीच्या लांबीच्या दिशेचा बारीक ओरखडा सहसा चालून जातो. आडवा, नळीला वळसा घालणारा ओरखडा नखाला लागला तर फोर्क वापरू नये, कारण वाकताना नळी तिथूनच उघडू पाहते. जुन्या फोर्कला मी एक चाचणी नेहमी करतो. त्या भागाला रॉकेल लावायचं, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीतून रेघ होऊन उमटतं. आमची पूड पांढरीच राहिली.

मग व्हर्निअरनं बैठक मोजली, २६.४ मिमी. एक इंची फोर्कमध्ये २६.४ आणि २७.० अशी दोन मापं फिरत असतात आणि नुसत्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात. म्हणून झंडेवालानच्या सायकल मार्केटमध्ये जाताना व्हर्निअर खिशात आणि जुनी रेस हातात. पहिल्या दुकानातली रेस बोटानंच बैठकीवर उतरली असती, ती २७ ची होती. दुकानदार म्हणाला, पत्रा लावून बसवा. मी परत दिली, कारण पत्र्यावर बसवलेली रेस खड्ड्यागणिक हलते आणि बैठकच खाते. पुढच्या दुकानात २६.३ आतलं माप मिळालं, पूर्ण सेटच घेतला. वरच्या-खालच्या वाट्याही तितक्याच झिजलेल्या असतात.

नवी रेस बसवताना बैठकीला ग्रीसचं बोट लावलं, रेसवर बसेल अशा जाड पाइपचा तुकडा नळीवरून सरकवला आणि पाइपवर सरळ टोले दिले. पाइपची कड छर्रे धावतात त्या वाटेला लागत नाही ना, हे आधी बघून घेतलं. रेस टेकल्यावर आवाज भरीव झाला आणि क्राउनपाशी उजेडाची फट उरली नाही.

संध्याकाळच्या ड्यूटीआधी सायकल फाटकावर पोचली. चौकीदारानं चाक उचललं, हँडल एका बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, दोनदा. मग रजिस्टर उघडून माझ्या नावापुढे वेळ लिहिली.