दोष मेसच्या उसळीचा नव्हे!

माझ्या रूममेटला दर महिन्याला पाळीच्या पहिल्या दिवशी मळमळ, पोटात मुरडा आणि तीन-चार वेळा पातळ शौच. ती मेसच्या उसळीला शिव्या घालते. पण तीच उसळी आम्हीही खातो, आणि आम्हाला काही होत नाही!

खरं कारण वेगळं. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. गर्भाशय आवळून अस्तर बाहेर टाकायला ती लागतात. पण आतड्याचे स्नायूही तसलेच. ही रसायनं तिथे पोचली की आतडंही आवळतं, शिवाय आत जास्त पाणी सुटतं. म्हणून जुलाब. मळमळही त्यांचीच.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही रसायनं नव्याने बनू देत नाही. आधी बनलेली मात्र पुसत नाही. म्हणून कळ असह्य होईपर्यंत दात-ओठ खात बसू नये, सुरुवातीलाच काहीतरी खाऊन गोळी घ्यावी. (अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

दोन-तीन दिवसांत हे आपोआप थांबतं. ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा पाळी संपूनही जुलाब चालूच राहिले, तर सरळ डॉक्टरांकडे जा. तेव्हा उसळीवर संशय घ्यायलाही हरकत नाही.