शहाऐंशी ते नव्वद

मंगळवारी संध्याकाळी निंगबोहून मेल आला. स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह तयार आहेत, शुक्रवारी दुपारी माल फॉरवर्डरच्या गोदामात पोचेल, सोबतचे कागद बघून होकार कळवा. सोबत तीन फाइली होत्या : इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा कच्चा मसुदा. पुण्यातल्या एका कारखान्याच्या आयातीचं काम मी बरीच वर्षं बघते. इनव्हॉइस सगळेच बघतात, कारण त्यात पैसे असतात. मी पॅकिंग लिस्ट आधी उघडते.

पॅकिंग लिस्टमध्ये किंमत नसते. कोणत्या नंबरच्या खोक्यात कोणता माल आहे, किती नग आहेत, खोक्याशिवाय वजन किती आणि खोक्यासकट किती, एवढंच त्यात असतं. पण इनव्हॉइस वाचून माल उतरवता येत नाही. फॉरवर्डर जागा धरतो ती या यादीवरून. न्हावाशेव्याला कस्टमचा अधिकारी खोकं उघडायला सांगतो तेव्हा नेमकं कोणतं उघडायचं तेही यादीवरूनच ठरतं. शेवटी आमच्या स्टोअरमध्ये टेम्पो लागतो तेव्हा स्टोअरकीपरच्या हातात हाच कागद असतो.

ही यादी नुसती वाचायची नसते, कॅल्क्युलेटर घेऊन मांडायची असते. आमच्या मालाच्या तीन ओळी होत्या. अर्ध्या इंचाचे 2,400 नग, एका खोक्यात 60, म्हणजे 40 खोकी. एक इंचाचे 1,200 नग, एका खोक्यात 24. दोन इंचाचे 400 नग, एका खोक्यात 8, म्हणजे 50 खोकी. पहिली आणि तिसरी ओळ जुळली. दुसरीत 1,200 नगांसमोर 45 खोकी लिहिली होती. 24 गुणिले 45 म्हणजे 1,080. इनव्हॉइस 1,200 नगांचं, म्हणजे 120 नग कागदावरच कमी पडत होते.

मग मी खोक्यांच्या नंबरांचा रकाना पाहिला. 1 ते 40, 41 ते 85, 91 ते 140. मधले 86 ते 90 हे नंबर कुठेच नव्हते. खाली बेरीज 135 आणि शेवटच्या खोक्याचा नंबर 140.

वजनांतही गडबड होती. तिसऱ्या ओळीत नेट वजन 840 किलो आणि ग्रॉस 800. रिकाम्या खोक्यालाही वजन असतं, त्यामुळे ग्रॉस नेटपेक्षा कमी असूच शकत नाही. इथे आकडे अदलाबदल झाले होते आणि तीच चूक खालच्या बेरजेत उतरली होती. यादीची ग्रॉस बेरीज 2,252 किलो, बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात मात्र 2,400. तफावत 148 किलोंची. त्यातले 40 अदलाबदलीचे. उरलेले 108 कुठून आले ते मसुद्यातच कळत होतं : माल सहा पॅलेटवर होता आणि पॅलेट अठरा-अठरा किलोंचं. पॅकिंग लिस्टमध्ये पॅलेटचा उल्लेखच नव्हता. एक कागद 135 खोकी म्हणत होता, दुसरा सहा पॅलेट.

माल आल्यावर बघू, असं इथे म्हणता येत नाही. जहाजाला निंगबोहून न्हावाशेव्याला यायला अडीच-तीन आठवडे लागतात, पण कागद त्याच्या पुढे धावतात. बिल ऑफ लेडिंगवरचं वजन आणि नगसंख्या जहाज कंपनी कस्टमला आधीच कळवते. आपलं बिल ऑफ एन्ट्री साधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. त्यात आपण 135 खोकी लिहायची की 140? 135 लिहिली आणि कंटेनरमधून 140 निघाली, तर पाच खोकी जाहीर न केलेला माल ठरतात. 140 लिहिली आणि 135 निघाली, तर न आलेल्या मालाची ड्यूटी आपण भरलेली असते. कस्टम कायद्याच्या 111व्या कलमात जाहीर केल्यापेक्षा जास्त निघालेला किंवा वर्णनाशी न जुळणारा माल जप्तीला पात्र आहे. प्रत्येक वेळी जप्ती होते असं नाही. पण तपासणी लागते, माल अडकतो आणि गोदामाचं भाडं चढत राहतं.

याच कायद्याचं 149वं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भरलेल्या कागदात दुरुस्ती मागता येते. पण माल सुटून गेल्यावर ती मागायची तर माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेला कागदी पुरावाच चालतो. नंतर सप्लायरकडून मागवलेलं ‘आमच्याकडून चूक झाली’ असं पत्र तिथे उपयोगी पडत नाही. माल निघण्याआधीच्या तारखेची दुरुस्त पॅकिंग लिस्ट हातात असणं म्हणूनच वेगळं.

मेल लिहायला घेण्याआधी मी प्रत्येक चुकीबद्दल स्वतःला एक प्रश्न विचारते : ही कागदाची चूक आहे की मालाची? नेट-ग्रॉसची अदलाबदल उघडच कागदाची. पॅलेटचं वजन राहिलं, तेही कागदाचंच. पण 45 खोकी? टायपिंगची चूक असावी असं आधी वाटलं, कारण दुसऱ्या ओळीचं नेट वजन 780 किलो होतं. एका खोक्याचं 15.6 किलो, म्हणजे 780 किलोंची खोकी बरोबर पन्नास होतात. पंचेचाळीस असती तर वजन 702 दिसलं असतं. वजन पन्नासच्या बाजूने साक्ष देत होतं, खोक्यांचे नंबर पंचेचाळीसच्या बाजूने.

अशा वेळी ‘45 च्या जागी 50 करा’ असं लिहिण्याचा मोह होतो. नव्या माणसाकडून हमखास होणारी चूक ती हीच. सप्लायरच्या ऑफिसातली मुलगी खुर्चीवरून न उठता 50 टाइप करते, दहा मिनिटांत सुंदर जुळणारी यादी पाठवते आणि गोदामात काय आहे ते कोणीच बघत नाही. कागद दुरुस्त होतो, चूक मात्र मालात तशीच राहते. शिवाय आपणच आकडा सांगितल्यामुळे पुढे भांडायलाही जागा उरत नाही. म्हणून माझा नियम असा : चूक कागदाची असेल तर बरोबर काय ते स्पष्ट लिहून द्यायचं. चूक मालाची असू शकते असं वाटलं तर उत्तर सांगायचं नाही, मोजायला सांगायचं.

मेल इंग्रजीत लिहिला. त्याचा मराठीतला मजकूर असा :

विषय : ऑर्डर आणि पॅकिंग लिस्टचा नंबर. यादीत तीन मुद्दे, दुरुस्ती होईपर्यंत माल पाठवू नये.

‘कागद मिळाले, आभार. पॅकिंग लिस्ट तपासली. एक : एक इंची व्हॉल्व्हच्या ओळीत 1,200 नग, खोक्यात 24 नग आणि 45 खोकी असं लिहिलं आहे. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. खोकी नंबर 86 ते 90 यादीत नाहीत. कृपया गोदामात प्रत्यक्ष खोकी मोजा आणि आकडा कळवा. सहाही पॅलेटचे, खोक्यांचे नंबर वाचता येतील असे फोटो पाठवा. दोन : दोन इंची ओळीत नेट 840 आणि ग्रॉस 800 लिहिलं आहे. आमच्या हिशोबाने नेट 800 आणि ग्रॉस 840 हवं. खालच्या दोन्ही बेरजाही बदलतील. तीन : यादीत सहा पॅलेट आणि त्यांचं वजन दाखवा. पॅलेटसकट माल काट्यावर तोला आणि तेच वजन यादीत व बिल ऑफ लेडिंगमध्ये लिहा. यादीचा नंबर तोच ठेवून पुढे R1 लावा आणि नवी तारीख घाला. बुधवारी तुमच्या वेळेनुसार संध्याकाळी 5 पर्यंत उत्तर मिळावं. तोपर्यंत बिल ऑफ लेडिंगला आमची मंजुरी नाही.’

सोबत त्यांचीच यादी जोडली, चुकीचे रकाने पिवळे करून.

यातल्या काही गोष्टी ठेच लागून शिकलेल्या आहेत. बेरजा बदलतील हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर वरचा आकडा बदलतो आणि खालची बेरीज जुनीच राहते. R1 मागायचं, कारण एकाच नावाच्या दोन याद्या मेलमध्ये फिरू लागल्या की फॉरवर्डरकडे हमखास जुनी जाते. आणि भाषा. आपण ऑफिसात सर्रास ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितो. उत्तर द्या, असं आपल्याला म्हणायचं असतं. पण या शब्दाचा खरा अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीला परत न्या’. समोरच्या माणसाने शब्दकोशात बघितलं तर तो जुनीच यादी पुन्हा पाठवू शकतो. ‘डू द नीडफुल’नेही त्याला काहीच कळत नाही. इंग्रजी त्याचीही परकी भाषा आहे आणि आपलीही. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट लिहायची.

वेळही बघावी लागते. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. इथून दुपारी चारला पाठवलेला मेल तिथे साडेसहाला पोचतो, तोवर ऑफिस बंद होत आलेलं असतं. मी मेल मंगळवारी रात्रीच पाठवला, म्हणजे बुधवारी सकाळी ती कामावर आल्या आल्या तो समोर दिसेल. प्रत फॉरवर्डरलाही दिली, कारण बिल ऑफ लेडिंग पक्कं करणं त्याच्या हातात होतं.

बुधवारी दुपारी उत्तर आलं, सोबत सहा फोटो. चौथ्या पॅलेटच्या फोटोत 85 च्या शेजारी थेट 91 नंबरचं खोकं होतं. पाच खोकी खरोखरच राहिली होती. प्रेशर टेस्टच्या नमुन्यासाठी ती उघडली होती आणि तपासणीच्या खोलीतच पडून होती. पॅलेट भरणाऱ्या माणसाने जेवढी समोर होती तेवढी मोजून 45 लिहिली, तो खरंच बोलत होता. खोटं पडलं ते वजन. ते काट्यावरचं नव्हतंच. नगाच्या वजनाला ऑर्डरच्या नगांनी गुणून कॉम्प्युटरने काढलेला तो आकडा होता. पॅकिंग लिस्टमधलं वजन फारच गोल आणि तंतोतंत जुळणारं असेल तर ते तोललेलं नसण्याची शक्यता जास्त, हे मी तेव्हापासून धरून चालते.

गुरुवारी पुन्हा फोटो आले. पाच खोकी चौथ्या पॅलेटवर चढली होती, वर नवी पट्टी. सोबत R1 : 140 खोकी, सहा पॅलेट, नेट 2,180, ग्रॉस 2,406. हिशोबाने ग्रॉस 2,400 व्हायला हवं होतं, काट्यावर सहा किलो जास्त भरलं. बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यातही आता 2,406 होतं. मी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा एकदा मांडले आणि होकार कळवला.

पुढे माल न्हावाशेव्याहून सुटून आमच्या दारात आला. स्टोअरकीपर यादी घेऊन उभे होते. चौथं पॅलेट उतरल्यावर त्यांनी हाक मारली, ‘‘ताई, 86 ते 90 वर पेनाने गोल का केलाय?’’ मी म्हटलं, ‘‘ती पाच आधी मोजा.’’