‘ताई, कोलॅब करता का?’ एवढ्यावर काम होत नाही

अमरावतीत चिखलदऱ्याची कॉफी पाकिटात भरून विकणारा एक छोटा ब्रँड आहे असं समजा. मालक अकोल्याच्या एका क्रिएटरला मेसेज टाकतो, ‘ताई, कोलॅब करता का? प्रॉडक्ट फ्री पाठवतो.’ तिकडून ‘ओके’ येतं आणि पाकिटं जातात. महिनाभराने दोघंही चिडलेले असतात. त्याला रील हवी होती, तिला वाटलं आवडली तर स्टोरी टाकू.

त्याऐवजी पत्र असं गेलं असतं तर?

‘नमस्कार ताई, 200 ग्रॅमची दोन पाकिटं पाठवतो, ती परत नकोत. आम्हाला 45 सेकंदांची एक रील हवी आहे. मानधन 4,000 रुपये. अर्धे आधी, उरलेले रील टाकल्यावर 3 दिवसांत. पाकिटं मिळाल्यापासून 10 दिवसांत ड्राफ्ट दाखवा. माहिती चुकली असेल तर एकदाच दुरुस्ती मागू. कॉफी आवडली नाही तर रील करू नका, अॅडव्हान्स तुमच्याकडेच राहू द्या. रील किमान 90 दिवस ठेवा. ती आम्ही पैसे लावून जाहिरात म्हणून चालवली, तर 30 दिवसांचे वेगळे 1,500 रुपये देऊ. मान्य असेल तर इथेच तसं लिहा.’

आकडे उदाहरणापुरते आहेत. पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती शेवटून दुसऱ्या अटीवरून. रील तुमच्या प्रोफाइलवर असणं वेगळं आणि तुमचा चेहरा ब्रँडच्या जाहिरातीत फिरणं वेगळं. पत्रात मुदत नसेल तर वर्षभरानंतरही तुम्ही कुणाच्या तरी फीडमध्ये कॉफी विकत असता, अन् तेही फुकट!

‘आवडली नाही तर करू नका’ हा निव्वळ मोठेपणा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शनानुसार, वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय तिची शिफारस करू नये.

पत्रात दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. पहिली, लेबल. पैसे न घेता नुसती पाकिटं घेतली तरी तो व्यवहारच, म्हणून जाहिरात आहे हे सांगावंच लागतं. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था ‘एएससीआय’च्या नियमाप्रमाणे 15 सेकंदांपेक्षा मोठ्या आणि 2 मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओत लेबल एक तृतीयांश वेळ दिसायला हवं. म्हणजे आपल्या 45 सेकंदांच्या रीलवर Ad हा शब्द 15 सेकंद राहिला पाहिजे. हॅशटॅगच्या ढिगात लपवला तर चालत नाही. इन्स्टाग्रामवर सोबत Paid partnership लेबलही चालू करायचं.

दुसरी, गाणं. ट्रेंडिंग गाणी साध्या रीलला चालतात, पण त्यांचा परवाना जाहिरातीसाठी नसतो. त्यामुळे अशी रील म्यूट होऊ शकते किंवा पैसे लावून चालवता येत नाही. म्हणून पत्रात एक ओळ वाढवा: ‘आवाज तुमचाच किंवा Meta Sound Collection मधला ट्रॅक.’