जिल्हे ३६, पर्याय २५

बोलीतले शब्द जमवताना डिस्कॉर्डवरच्या गटात मी आधी मोकळे संदेश मागवले. एकाच जिल्ह्याची ‘नगर’, ‘अहमदनगर’, ‘अहिल्यानगर’ अशी तीन नावे आली आणि मोजणी फसली. मग बॉटसाठी तिरप्या रेघेची आज्ञा केली, `/shabd`. तिच्यात शब्द मोकळा लिहायचा, जिल्हा यादीतून निवडायचा. पण डिस्कॉर्डवर एका रकान्याला ठरीव पर्याय २५च देता येतात. महाराष्ट्राचे जिल्हे ३६! म्हणून टंकताना नावे सुचवणारी सोय घेतली. ‘नगर’ लिहिले की ‘अहिल्यानगर’ पुढे येते. तिची खोच अशी, की सुचवलेले न निवडता कोणी ‘कोकण’ धाडले, तरी ते तसेच पोचते. तेव्हा नोंदण्याआधी बॉट उत्तर यादीशी ताडून पाहतो. जुळले नाही, तर फक्त त्या सभासदालाच दिसेल असे पुन्हा विचारतो. अर्थाचा रकाना मात्र मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे.